फोन पान पाहतो तेव्हा: द्राक्षबागेतल्या रोगनिदान अ‍ॅपची कुवत

द्राक्षाच्या पानाचा फोटो काढावा आणि डाऊनी आहे की भुरी हे फोननेच सांगावे, असे अ‍ॅप तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. फोटो ओळखणारे लहानसे मॉडेल दोन-अडीच एमबीत बसते, त्याला इंटरनेट लागत नाही आणि साध्या फोनवरही उत्तर बोट उचलेपर्यंत येते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. त्या उत्तरावर फवारणीचा निर्णय घ्यावा का? अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘९८ टक्के अचूक’ असे लिहिलेले असते, तो आकडा कोणत्या पानांवर मोजला हे मात्र लिहिलेले नसते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेचे उदाहरण घेऊन हे मॉडेल कसे बनते, फोनमध्ये कसे बसते आणि कुठे चुकते ते पाहू.

मॉडेल फोनमध्येच का ठेवायचे

बागेत मांडवाखाली नेटवर्क बहुधा तुटक असते. चार-पाच एमबीचा फोटो सर्व्हरवर चढवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा हिशेब फोनमध्येच झालेला बरा. शेतकऱ्याच्या बागेचे फोटो बाहेर जात नाहीत, हाही फायदा आहे. त्याची किंमत अशी की मॉडेल लहान ठेवावे लागते आणि एकदा फोनमध्ये गेलेले मॉडेल शेतकरी अ‍ॅप अद्ययावत करेपर्यंत जुनेच राहते. त्यात चूक सापडली, तरी ती हजारो फोनमध्ये तशीच काम करत राहते.

तयार पाया, वर छोटा मजला

असे मॉडेल कोणी शून्यातून शिकवत नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेली मोबाइलनेट-व्ही२ ही रचना खास फोनसाठी आहे. ती आधी लाखो सामान्य फोटोंवर शिकवलेली मिळते: कुत्रे, खुर्च्या, गाड्या असे एकूण १,००० वर्ग. त्या शिक्षणातून तिला कडा, पोत, रंगांचे ठिपके ओळखता येऊ लागलेले असतात. आपण तिचा शेवटचा थर काढून टाकतो आणि तिथे आपले वर्ग बसवतो. आपल्या अ‍ॅपसाठी ते पाच धरू: निरोगी, डाऊनी, भुरी, करपा आणि इतर.

शेवटच्या थराच्या आधी मॉडेलकडे प्रत्येक फोटोचे वर्णन १,२८० आकड्यांत असते. त्यापुढे पाच वर्ग, म्हणजे १,२८० गुणिले ५ आणि वर ५, असे फक्त ६,४०५ नवे आकडे शिकायचे असतात. खालच्या पायात साधारण साडेबावीस लाख आकडे आधीच तयार असतात. त्यामुळे प्रत्येक वर्गाचे काही शे ते दोन-तीन हजार फोटो असले तरी काम सुरू होते. नंतर पायाचे वरचे काही थरही अगदी हलक्या हाताने पुन्हा शिकवले, तर पानांच्या बाबतीत नजर आणखी सुधारते.

नऊ एमबीचे अडीच एमबी

शिकवताना प्रत्येक आकडा ३२ बिटांत साठवलेला असतो, म्हणून साडेबावीस लाख आकड्यांना सुमारे नऊ एमबी लागतात. फोनमध्ये घालताना तोच आकडा आठ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. एखाद्या थरातले आकडे उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतील, तर प्रत्येक पायरी ०.००७८ इतकी पडते आणि मधले सगळे आकडे जवळच्या पायरीवर सरकतात. टेन्सरफ्लो लाइटमध्ये, ज्याला आता लाइटआरटी म्हणतात, हे काम थोडक्या ओळींत होते:

```python
c = tf.lite.TFLiteConverter.from_keras_model(model)
c.optimizations = [tf.lite.Optimize.DEFAULT]
c.representative_dataset = bag_photos
c.target_spec.supported_ops = [
    tf.lite.OpsSet.TFLITE_BUILTINS_INT8]
open("draksha.tflite", "wb").write(c.convert())
```

यातली तिसरी ओळ निष्काळजीपणे भरली जाते. तिथे शे-दोनशे नमुना फोटो द्यायचे असतात. त्यांवरून प्रत्येक थरात आकडे कुठून कुठवर जातात हे ठरते आणि पायऱ्या त्या मापाने पडतात. इथे फक्त उजेडातले स्वच्छ फोटो दिले, तर मांडवाखालच्या अंधाऱ्या फोटोंसाठी पायऱ्या चुकीच्या मापाच्या होतात. काम नीट केले तर या आकसण्याने अचूकता फारशी घटत नाही. म्हणून अ‍ॅप बागेत फसले की लगेच ‘मॉडेल लहान केल्यामुळे असे झाले’ म्हणणे मला पटत नाही. दोष बहुधा दुसरीकडे असतो.

फोटो मॉडेलपर्यंत पोचताना

दोष लपण्याची एक जागा कॅमेरा आणि मॉडेल यांच्या मधली आहे. फोनचा फोटो ४,००० पिक्सेल रुंद असला, तरी मॉडेल तो २२४ गुणिले २२४ पिक्सेलचा करूनच पाहते. पान १५ सेंटिमीटर रुंद आहे आणि ते चौकट पूर्ण भरते असे धरले, तर एका पिक्सेलमध्ये पानाचा ०.६७ मिलिमीटर भाग येतो. करप्याचा सुरुवातीचा दोन मिलिमीटरचा तपकिरी ठिपका मग जेमतेम तीन पिक्सेलचा उरतो. शेतकऱ्याने तोच फोटो लांबून काढला आणि पान चौकटीच्या एक तृतीयांश रुंदीत आले, तर तो ठिपका एका पिक्सेलवर येतो. एका पिक्सेलचा ठिपका आणि धुळीचा कण यांत मॉडेलला काहीच फरक करता येत नाही. म्हणून चांगल्या अ‍ॅपमध्ये पडद्यावर पानाच्या आकाराची चौकट असते आणि पान तिच्यात भरल्याशिवाय बटण चालत नाही.

दुसरी चूक रंगांच्या मापाची. कॅमेरा प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये देतो, मोबाइलनेट-व्ही२ला मात्र तो उणे १ ते अधिक १ या मापात हवा असतो. संगणकावर शिकवताना हे रूपांतर केले आणि फोनवरच्या कोडमध्ये ते राहून गेले, तरी अ‍ॅप बंद पडत नाही. ते उत्तर देत राहते, फक्त ते उत्तर निरर्थक असते. तसेच फोन उभा धरून काढलेला फोटो बहुधा मुळात आडवाच साठवलेला असतो आणि ‘हा फिरवून दाखवा’ अशी खूण त्याच्या शेजारी लिहिलेली असते. ती खूण न वाचणारे अ‍ॅप कलंडलेले फोटो मॉडेलला देत राहते.

या चुका पकडण्याचा मार्ग सोपा आहे आणि तरी तो क्वचित वापरला जातो. वीस-एक फोटो घ्यावेत, तेच फोटो संगणकावर मूळ मॉडेलला आणि फोनवर अ‍ॅपला द्यावेत, आणि प्रत्येक वर्गासाठी आलेले आकडे शेजारी मांडावेत. आकसण्यामुळे ०.८३ ऐवजी ०.८१ येईल, ते चालते. पण ०.८३ च्या जागी ०.३० आले, तर मॉडेलकडे पाहण्याआधी फोटो वाचणारा कोड तपासावा.

९९ टक्के कुठून आले

पिकांच्या रोगनिदानातला सर्वांत परिचित फोटोसंच म्हणजे प्लांटव्हिलेज. त्यात १४ पिकांचे, २६ रोगांचे, एकूण ३८ वर्गांत विभागलेले ५४,३०६ फोटो आहेत. मोहंती, ह्यूज आणि सलाथे या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावर मॉडेल शिकवले आणि बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. हा आकडा सगळीकडे पोचला. त्याच लेखात त्यांनी स्वच्छपणे दिलेला दुसरा आकडा तेवढा पोचला नाही: वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इतर ठिकाणांहून गोळा केलेले फोटो दिले तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. ३८ वर्गांत डोळे मिटून उत्तर दिले तर २.६ टक्के बरोबर येतील, म्हणजे मॉडेल काहीतरी नक्की शिकले होते. पण ९९ आणि ३१ यांतले अंतर हाच या विषयाचा गाभा आहे.

हे अंतर पडते कशाने? प्लांटव्हिलेजमधली पाने झाडावरून तोडून, एकरंगी कागदावर ठेवून, एकेक करून टिपलेली आहेत. एका रोगाची पाने बहुधा एकाच बैठकीत, एकाच उजेडात, एकाच पार्श्वभूमीवर टिपली गेली. २०२२ मध्ये नोयान यांनी यावर एक विलक्षण साधा प्रयोग केला. त्यांनी फोटोतले फक्त आठ पिक्सेल घेतले, चार कोपऱ्यांचे आणि चार कडांच्या मध्यांचे. तिथे पान नसतेच, असते ती पार्श्वभूमी. त्या आठ पिक्सेलांवरून संगणकाने ४९ टक्के फोटोंचा वर्ग बरोबर सांगितला. पान न पाहता निम्मे उत्तर येत असेल, तर पूर्ण फोटो पाहणाऱ्या मॉडेलच्या ९९ टक्क्यांतला किती भाग पानाचा आणि किती कागदाचा, हे त्या संचावरून सांगता येणार नाही.

बागेत कागद नसतो. पानामागे दुसरी पाने, तारा, घड, आकाश आणि माणसाचा हात असतो. त्यामुळे स्वतःचे फोटो गोळा करताना शिकवण्याचे आणि तपासण्याचे फोटो बागेनुसार वेगळे ठेवावेत. एका बागेतले दोन हजार फोटो मिसळून त्यातले चारशे तपासणीसाठी काढले, तर त्याच वेली, तीच फवारणी, तोच फोन दोन्हीकडे येतो आणि आकडा फुगतो. दहा बागांवर शिकवावे आणि न पाहिलेल्या तीन बागांवर तपासावे. येणारा आकडा खाली येईल, पण शेतकऱ्याला उपयोगाचा आकडा तोच.

जे शिकवलेच नाही

प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे ४,०६२ फोटो आहेत. ते चार वर्गांत आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, इसारिऑप्सिस बुरशीमुळे येणारा पानांचा करपा, आणि निरोगी पान. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की ज्याची झोप उडवणारी भीती असते तो डाऊनी त्यात नाही. भुरीही नाही. म्हणजे हा संच उचलून बनवलेल्या अ‍ॅपला निफाडच्या बागेतले डाऊनीचे पान दाखवले, तर त्याला बरोबर उत्तर देणे शक्यच नाही, कारण ते उत्तर त्याच्या यादीत नाही.

आणि अ‍ॅप गप्पही बसत नाही. मॉडेलच्या शेवटी मिळणाऱ्या आकड्यांची बेरीज नेहमी १ व्हावी असे गणित बसवलेले असते. शक्यता यादीतल्या वर्गांतच वाटून द्यायची असल्यामुळे कोणाला तरी मोठा वाटा मिळतोच. आंब्याचे पान दाखवा, चप्पल दाखवा, तरी ‘एस्का, ९१ टक्के’ असे येऊ शकते. हे ९१ टक्के म्हणजे रोग असण्याची शक्यता नव्हे. यादीतल्या इतर वर्गांच्या तुलनेत या वर्गाकडे कल किती, इतकेच ते सांगतात.

आपण ठेवलेला ‘इतर’ हा वर्ग यासाठीच आहे. त्यात जमीन, हात, दुसऱ्या झाडांची पाने, हललेले फोटो भरावेत. त्याहून महत्त्वाची आहेत ती रोगासारखी दिसणारी द्राक्षाचीच पाने: मॅग्नेशियमच्या कमतरतेने शिरांमध्ये पिवळी पडलेली, औषधाने करपलेली. बोर्डो मिश्रण फवारलेल्या पानावर निळसर पांढरे डाग राहतात आणि फोटोत ते भुरीसारखे दिसतात. असे पान शिकवण्याच्या संचात नसेल, तर ज्या शेतकऱ्याने वेळेवर फवारणी केली त्यालाच अ‍ॅप भुरी असल्याचे सांगेल. बोर्डोचे डाग असलेली निरोगी पाने ‘निरोगी’ म्हणून भरपूर शिकवणे हाच त्यावरचा इलाज आहे.

वरून न दिसणारे

डाऊनीमध्ये पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग येतात आणि त्याच जागी खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवते. भुरीची पांढरी पावडर वरच्या बाजूलाही असते. शेतकरी पान उलटून पाहतो ते यासाठीच. केवळ वरच्या बाजूचा फोटो मागणारे अ‍ॅप निदानातला सर्वांत पक्का पुरावा स्वतःहून नाकारते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, दोन्ही बाजू शिकवाव्यात आणि निकाल दोन्हींवरून द्यावा.

एक मर्यादा मात्र कोणत्याही कॅमेऱ्याने ओलांडता येत नाही. डाऊनीचा संसर्ग झाल्यापासून डाग दिसेपर्यंत साधारण आठवडा जातो, हवामानानुसार थोडे कमी-जास्त. या काळात रोग पानात असतो आणि पान हिरवेगार दिसते. तेव्हा पडद्यावर ‘पान निरोगी आहे’ असे लिहिणे चूक आहे. ‘या फोटोत डाग आढळला नाही’ एवढेच अ‍ॅपला माहीत असते आणि तेवढेच त्याने म्हणावे.

हजार पानांचा हिशेब

समजा, मॉडेल अनोळखी बागांत तपासले आणि ते चांगले निघाले: रोगट पानांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी पानांपैकी ९० टक्क्यांना निरोगी म्हणते. आता अशा बागेत जाऊ जिथे १,००० पानांपैकी ५० पानांवर डाऊनी आहे. मॉडेल त्यातली ४५ पकडेल, ५ सोडेल. उरलेल्या ९५० निरोगी पानांपैकी ९५ वर ते चुकून डाऊनी म्हणेल. एकूण १४० इशारे आणि त्यांतले खरे ४५. म्हणजे ‘डाऊनी’ असे उत्तर आले, तर ते खरे असण्याची शक्यता ३२ टक्के.

तेच मॉडेल रोग पसरलेल्या बागेत न्या, जिथे हजारात ४०० पाने रोगट आहेत. तिथे ३६० खरे इशारे आणि ६० खोटे, म्हणून उत्तर खरे असण्याची शक्यता ८६ टक्के होते. मॉडेल बदलले नाही, बाग बदलली. शिवाय पहिल्या बागेत प्रत्येक पानाला डोळे झाकून ‘निरोगी’ म्हणणाऱ्या अ‍ॅपची अचूकता ९५ टक्के भरते, आपल्या मॉडेलची ९०. एकाच आकड्यात सांगितलेल्या अचूकतेवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे. प्रत्येक रोगासाठी दोन प्रश्न वेगळे विचारावेत: असलेला रोग किती वेळा सुटला, आणि नसलेला किती वेळा सांगितला.

दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. डाऊनी सुटला तर घड जातात. खोट्या इशाऱ्यावर फवारणी केली तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च आहेच, पण युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर माल अडतो. छाटणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत रोग न सुटण्याला महत्त्व द्यावे, तर काढणी जवळ आल्यावर खोटा इशारा महाग पडतो. म्हणून इशाऱ्याची पातळी वर्षभर एकच ठेवणारे अ‍ॅप बागेचा हंगाम लक्षात घेत नाही असे म्हणावे लागते.

एका पानावर निकाल नको

पूर्व आफ्रिकेत कसाव्याच्या रोगांसाठी वापरले जाणारे ‘नुरू’ हे अ‍ॅप फोनमध्येच, इंटरनेटशिवाय चालते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तपासणीत अचूकता ६५ टक्के होती, कृषी विस्तार कर्मचाऱ्यांची ४० ते ५८ आणि शेतकऱ्यांची १८ ते ३१. एका झाडाची सहा पाने तपासली तेव्हा नुरूची अचूकता ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत गेली. मला हे आकडे प्लांटव्हिलेजच्या ९९ पेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण ते शेतातले आहेत आणि शेजारी माणसांचेही आकडे ठेवलेले आहेत.

मात्र अनेक पाने पाहायची तर नियम नीट हवा. वरच्याच मॉडेलने पूर्ण निरोगी वेलीची दहा पाने तपासली आणि ‘एकाही पानावर इशारा आला तर रोग’ असा नियम ठेवला, तर खोट्या इशाऱ्याची शक्यता ६५ टक्क्यांपर्यंत जाते. ‘किमान तीन पानांवर’ असा नियम केला, तर ती ७ टक्क्यांवर येते, पण दोनच पानांवर सुरू झालेला डाऊनी त्यात सुटू शकतो. हा हिशेबही तेव्हाच खरा, जेव्हा प्रत्येक पानावरची चूक स्वतंत्र असते. साऱ्या वेलीवर बोर्डोचे डाग असतील तर दहाही पानांवर चूक एकाच दिशेची होईल आणि दहा फोटो एका फोटोइतकेच सांगतील.

संशय आला की

मॉडेलचा कल ठाम नसेल, वरच्या आणि खालच्या बाजूची उत्तरे जुळत नसतील, किंवा इशारा थोड्याच पानांवर असेल, तेव्हा अ‍ॅपने रोगाचे नाव आणि औषध सांगू नये. त्याने शेतकऱ्याला जुनी, खात्रीची चाचणी सुचवावी: संशयित पाने ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात ठेवायची. डाग डाऊनीचा असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूला, डागाच्या जागी, पांढरी बुरशी उगवलेली दिसते. डाग जुना आणि वाळलेला असेल तर ती उगवत नाही, म्हणून पाने ताज्या डागांची घ्यावीत.

सकाळी शेतकऱ्याने त्या पानाचा फोटो पुन्हा काढला, तर मॉडेल ज्या पानावर अडखळले त्याचेच खात्रीचे उत्तर आपल्या हाती येते. पुढच्या हंगामाचे मॉडेल शिकवताना असे शंभर फोटो सहज ओळखू येणाऱ्या हजार फोटोंपेक्षा जास्त कामाचे ठरतात. त्यातले काही मात्र शिकवण्यात न वापरता बाजूला ठेवावेत, नवे मॉडेल खरोखर सुधारले का हे त्यांवरच तपासता येते.